वरच्या आळीतला काचेचा कोपरा

त्या पावसाळ्यात माझं निम्मं काम म्हणजे धुकं हटायची वाट बघणं. पाटणच्या बाजूच्या एका डोंगराच्या समोर, ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, पक्क्या कातळात आम्ही एक सिमेंटचा खांब उभा केला होता. त्यावर मोजणीचं यंत्र बसवायचं आणि समोरच्या उतारावरच्या घरांच्या भिंतींना लावलेल्या प्रिझमकडे किरण सोडायचा. किरण जाऊन परत आला की अंतर कळतं. धुकं असेल तर तो जातही नाही आणि येतही नाही. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीत छत्री धरून बसायचं.

मी सांगलीची. मोजणीचं काम करायला लागले तेव्हा जत-आटपाडीकडे उपसा सिंचनाचे कालवे मोजत होते. तिथं उन्हानं हवा थरथरायची म्हणून मोजणी अडायची, इथं ढगानं. पन्नाशी ओलांडल्यावर दोन्हींचा सारखाच कंटाळा येतो. गुडघे मात्र डोंगराचा जास्त राग धरतात.

माझ्याबरोबर यंत्रावर काम करणारा सहकारी होता, दहिवडीकडचा, माझ्याच वयाचा. बोलायला कमी. घरून फोन आला की पहिलं विचारायचा, ‘तिकडं पाऊस हाय का?’ बहुतेक वेळा नसायचा. इकडे आम्ही पावसात कुजत होतो.

काम सोपं होतं. डोंगराच्या वरच्या अंगाला जमिनीत भेगा दिसल्या होत्या. उतार सरकतोय की नाही, ते मोजून तालुक्याला कळवायचं. उताराच्या मधोमध वरची आळी होती, थोडीच घरं. प्रत्येक घराच्या समोरच्या भिंतीला एक प्रिझम. मुठीत मावेल एवढा काचेचा तुकडा, लोखंडी पट्टीवर बसवलेला. शिवाय डोंगराच्या बाहेर, जिथं काही हलणार नाही अशा कातळावर, आणखी काही प्रिझम लावले होते. त्यांची अंतरं जशीच्या तशी आली तर यंत्र आणि हवा ठीक आहे असं समजायचं.

त्या सकाळी धुकं जरा फाटलं. सहकाऱ्यानं मोजायला सुरुवात केली. कातळावरच्या प्रिझमची अंतरं जुन्यासारखीच आली. वरच्या आळीतल्या घरांची मात्र कमी आली. उतार आमच्या दिशेनं खाली येत असेल तर अंतर कमीच व्हायला हवं. त्यानं पुन्हा मोजलं. मग यंत्रापासून बाजूला झाला आणि मला डोळा लावायला दिला.

मी तालुक्याच्या कचेरीत फोन केला. पलीकडचे साहेब तरुण होते आणि दमलेले होते, आवाजावरून कळत होतं.

“मॅडम, प्रिझम फिरला असेल तर? वारा आहे, गुरं आहेत. घरं रिकामी करायला सांगायचं म्हणजे मला कारण पक्कं हवं.”

त्यांचं चुकीचं नव्हतं. लोकांना घराबाहेर काढायचं आणि मग डोंगर तसाच उभा राहिला, तर पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही. मी म्हटलं, वर जाऊन बघून सांगते.

सहकाऱ्याला यंत्रावर ठेवलं आणि मी साकवावरून पलीकडे जाऊन चढायला लागले. चिखलात पाऊल रुतायचं, काढायचं, परत रुतायचं. सगळ्यात वरचं घर एका निवृत्त सुभेदारांचं होतं. सत्तरीचे, ताठ, पायात फौजेतले जुने बूट. त्यांची बायको दारात तांदूळ निवडत होती.

“या ताई,” सुभेदार म्हणाले. “त्या काचेसाठी आलाय व्हय? म्हस अंग घासती तितं. लय फिरलीवती. मी सरळ केली.”

“कधी केली?”

“काल. आमच्यामुळं तुमचं गणित चुकाय नगं.”

मी भिंतीकडे गेले. पट्टी हलवून बघितली. बोल्ट घट्ट होते, पट्टी वाकलेली नव्हती. काच फक्त तिच्या जागेवर फिरली होती.

“दादा, ती फिरल्यानं अंतर चुकत नाही,” मी म्हटलं.

“आसं कसं? आरसा फिरला की कवडसा दुसरीकडं जातो. फौजेत आरशानं इशारा करायचो आमी. बोटभर हलला तरी पलीकडच्याला दिसायचं न्हाई.”

“साधा आरसा असता तर तुमचं खरं होतं. हा तीन आरशांचा कोपरा आहे.”

मला खरं तर बसायचं होतं. मी ओट्यावर टेकले आणि पिशवीतला सुटा प्रिझम काढून त्यांच्या बायकोच्या हातात दिला.

“काकी, एक डोळा मिटा आणि आत बघा.”

काकींनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि काच डोळ्यासमोर धरली. “माझाच डोळा दिसतोय. मधोमध.”

“आता काच थोडी वाकडी करा.”

त्यांनी डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली. “तरी मधीच हाय.” मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आवं, तुमी बगा.”

सुभेदारांनी बघितलं. त्यांना त्यांचा डोळा दिसला. काकी शेजारून वाकून बघत होत्या, पण त्यांना नवऱ्याचा डोळा दिसेना, स्वतःचाच दिसे. सुभेदारांनी काच उलटसुलट केली, मागून बघितली, बोटानं टिचकी मारली.

मी त्यांना खोलीचा कोपरा दाखवला. दोन भिंती आणि जमीन, तिन्ही एकमेकींना काटकोनात. “या कोपऱ्यात चेंडू मारला असं धरा, आणि तो खाली पडत नाही असंही धरा. एका भिंतीवर आपटला की त्याचं डावी-उजवीकडचं जाणं उलटं होतं. दुसरीवर पुढचं-मागचं. जमिनीवर आपटला की वरचं-खालचं. तिन्ही उलटं झालं म्हणजे?”

“म्हंजे आल्या वाटंनं परत.”

“त्याच वाटेनं नाही, तिच्या शेजारून. पण अगदी समांतर, यंत्राकडे तोंड करून. उजेडाचं तसंच. आणि हे काम कशामुळं होतं, तर तिन्ही बाजू एकमेकींना काटकोनात आहेत म्हणून. सगळा कोपरा थोडा फिरवला तरी आतले काटकोन तेच राहतात. फारच तोंड फिरवलं तर उजेड आत शिरत नाही, ते वेगळं. पण म्हशीनं घासून जेवढी फिरली, तेवढ्यात उजेड परत येतो.”

सुभेदार अंगणातल्या ट्रॉलीकडे बोट करून म्हणाले, “त्या मागच्या लाल पट्ट्या?”

“त्यातल्या बऱ्याच याच जातीच्या. बारीक बारीक कोपरे दाबून बसवलेले असतात. म्हणून गाडीचा दिवा कुठूनही पडला तरी त्याच गाडीवाल्याला परत दिसतो. चंद्रावरसुद्धा असे कोपरे ठेवलेत, तिथून लेझरचा उजेड परत आणून अंतर मोजतात.”

“चंद्राचं ऱ्हाऊ द्या,” काकी म्हणाल्या. “आमच्या घराचं काय ते सांगा.”

मी सहकाऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला, दोघांनाही ऐकू यावा म्हणून. “मी काच फिरवते. तू मोजत राहा आणि आकडे मोठ्यानं सांग.”

मी भिंतीवरची काच डावीकडे वळवली. थांबले. उजवीकडे वळवली. थांबले. थोडी वर, थोडी खाली. ओढ्यापलीकडून त्याचा सपाट आवाज येत राहिला. आकडा शेवटच्या टोकाला एक-दोन मिलिमीटरनं इकडे तिकडे व्हायचा, बस्स. सुभेदार कान देऊन ऐकत होते.

“आता मागच्या फेरीचा आकडा सांग,” मी म्हटलं.

त्यानं सांगितला. फरक चार बोटांचा होता.

“शेजारच्यांचं?” सुभेदारांनी फोनकडे तोंड करून विचारलं.

“त्यांचंबी तितकंच, त्याच बाजूला,” सहकारी म्हणाला. “कातळावरचं मातूर हललं न्हाई.”

सुभेदार उठले, आत गेले आणि घराचं पुढचं दार लावून दाखवायला लागले. दार चौकटीत बसत नव्हतं. वरचा कोपरा अडत होता. खाली ताजा भुसा पडला होता.

“दोनदा रंधा मारला,” ते म्हणाले. “मला वाटलं, पावसानं लाकूड फुगलं.”

काकी म्हणाल्या, “मला म्हाईत हुतं. चूल एका अंगाला कलली. कालवण एका बाजूला जातंय. ह्यास्नी सांगितलं तर म्हणत्यात, तुझं भांडं वाकडं.”

तिथूनच मी साहेबांना फोन केला. प्रिझम फिरवून बघितला, फिरल्यानं एवढा फरक पडत नाही, पट्टी पक्की आहे, सगळी घरं एकाच दिशेला सरकली आहेत, कातळावरचे प्रिझम जागेवर आहेत, असं एकेक सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “ठीक आहे, खालच्या शाळेच्या खोल्या उघडायला सांगतो.”

सुभेदार लगेच निघाले असं नाही. म्हैस कुठं बांधायची, भाताचं काय, देव कोणी न्यायचे, यावर दुपार गेली. मला ओरडायला हवं होतं असं पुढे एकानं सुचवलं. ओरडायचं बळ नव्हतं. मी ओट्यावर बसून राहिले. त्यांना निघायचं होतं आणि निघवत नव्हतं, आणि त्यांना घाई करायला लावेल असं माझ्याजवळ काहीच नव्हतं. शेवटी काकींनी तांदळाचं पोतं ट्रॉलीत टाकायला लावलं आणि स्वतः जाऊन बसल्या. मग बाकीची आळी निघाली.

पुढचे काही दिवस शाळेत लोक आमच्याकडे रागानं बघत होते. डोंगर उभाच होता. एक जण यंत्रापाशी येऊन म्हणाला, “न्हाई पडला तर आमचं भात कोण लावनार?” अंतर रोज थोडं कमी होत होतं, तेवढं मी त्याला दाखवलं.

एका दुपारी वरच्या अंगाची माती खाली बसली. आवाज मोठा नव्हता, गाडीतून मुरूम ओतल्यासारखा लांबलचक. धूळ नाही, नुसता चिखल. वरची दोन घरं मागच्या बाजूनं कोसळली. सुभेदारांच्या घराची समोरची भिंत जरा झुकून उभी राहिली. सहकाऱ्यानं किरण सोडला आणि त्या झुकलेल्या भिंतीवरून तो परत आला. त्यानं आकडा वाचला. त्यानंतर आम्ही दोघंही पाणी प्यायलो.

घरांत कोणी नव्हतं. म्हैससुद्धा शाळेच्या मागे बांधलेली होती. साहेबांचा फोन आला, ‘बरं झालं’ म्हणाले आणि पुढच्या गावाची मोजणी कधी करणार, ते विचारायला लागले.

आता ती माणसं खाली, सपाटीला पत्र्याच्या घरांत राहतात. पत्रा दुपारी तापतो, पावसात बोलणं ऐकू येत नाही. पक्की घरं होणार आहेत, असं ऐकते. परवा तिथं नवे प्रिझम लावायला गेले होते, कारण वरची उरलेली माती अजून थांबलेली नाही. सुभेदार गोठ्यात होते. काकींनी चहा दिला, गुळाचा. मी पट्टीची भोकं पाडत होते तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या.

“हितंबी सरकंल का वो?” त्यांनी विचारलं.

“इथली जमीन पक्की वाटते. पण मोजत राहू.”

“मोजा,” त्या म्हणाल्या, “आनि आधी च्या घ्या, गार हुतोय.”