आठवड्याचे तीन चिंचोके

मी स्वभावाने संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर टाकली की मी आधी काटा बघते. त्यामुळे सिल्वासाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना सवलत दिली, तेव्हा माझ्या कपाळावर आठ्या पडल्या.

ह्यांना साखर निघाली होती. त्याच्या दोनच वर्षं आधी, तिकडे खानदेशात, थोरल्या दिरांचा पाय साखरेनेच गेला होता. अंगठ्याला साधी जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी गुडघ्याखाली कापावं लागलं. दोघे सख्खे भाऊ, चालण्याची ढबसुद्धा तीच. ह्यांचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी पहिल्यांदा ह्यांच्या पावलांकडे बघितलं. मला फार भीती वाटली.

चालायला हवं, हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. हे जवळच्या सायली गावातल्या एका सूत कारखान्यात ऑपरेटर होते. दर आठवड्याला पाळी बदलायची. तरी पाडव्याला ह्यांनी नेम धरला की रोज सकाळी चालायचं. आमच्या घरी नेम म्हणजे सासूबाईंच्या पोथीसारखा: मधे खंड पडला की पुन्हा पहिल्या अध्यायापासून. रात्रपाळीचा आठवडा आला, बदलीचा माणूस आला नाही, ह्यांना डबल ड्यूटी करावी लागली आणि एक दिवस चुकला. झालं! ‘नेम मोडला, आता चांगला दिवस बघून नव्याने धरू,’ म्हणाले. चांगला दिवस थेट दसऱ्याला उजाडला. तोही नेम तसाच मोडला. पुढे संक्रांतीला तिसऱ्यांदा तेच. नेम मोडल्यापासून पुढचा चांगला दिवस येईपर्यंत पाय घरातच असायचे, हे ह्यांच्या हिशेबात कुठे नव्हतं.

डॉक्टर गुजराती, बोलायला गोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेन, पाळीवाल्या माणसापुढे रोजचं नाव काढूच नका. आठवड्यात तीन वेळा. कुठलेही तीन दिवस. फक्त दोन दिवसांपेक्षा जास्त गॅप पाडायचा नाही. पण चालायचं ते दमदार, पाऊण तास."

मी बाहेर आल्यावर ह्यांना म्हटलं, "याला औषध म्हणतात का? हा तर सेल झाला."

रोज जायचं असेल तर न गेलेला दिवस डोळ्यांत खुपतो. तीनदाच जायचं असेल तर उरलेले चार दिवस लबाडीला मोकळे. मंगळवारी विचारलं तर गुरुवार आहे, गुरुवारी विचारलं तर शनिवार आहे. पकडायचं कधी माणसाला? शिवाय आमचं गाव कसं, केंद्रशासित! पलीकडे गुजरातेत दारूबंदी आणि आमच्याकडे रस्त्याला लागून दुकानं. शनिवारी तिकडच्या गाड्यांची रांग लागायची. किलवणी गावाच्या रस्त्याने चालायला निघालेला माणूस टोकाच्या पुलापर्यंत पोचतो की वाटेतच प्यायला बसतो, हे मी खोलीत बसून कसं सांगणार?

मोजायला ह्यांनी तीन चिंचोके आणले. सोमवारी सकाळी तिन्ही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे. चालून आलं की एक डब्यात. रविवारी रात्री कट्टा रिकामा असला तर आठवडा जिंकला, नसला तर हरला. दोन्ही बाबतींत सोमवारी पुन्हा तिन्ही कट्ट्यावर. मी म्हटलं, चिंचोका काय, कोणीही उचलून टाकेल. त्यावर हे नुसते हसले. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

मग मी माझी तपासणी सुरू केली. आल्याबरोबर पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने तोंडाचा वास घ्यायचा. विजारीला कुसळं लागलीत का बघायचं, कारण पुलाजवळ गवत होतं आणि दुकानांजवळ नव्हतं. शर्ट पाठीवर भिजलाय का हे बघायचं. प्रत्येक वेळी पुरावा ह्यांच्या बाजूने निघायचा आणि माझा संशय वाढायचा. इतका सरळ माणूस असतो कुठे? एका आठवड्यात हे चारदा गेले आणि चौथी खेप पुढच्या आठवड्यात जमा धरू म्हणाले, तेव्हा मला जरा बरं वाटलं. म्हटलं, आली लबाडी बाहेर! पण डॉक्टरांनी नाही म्हणताच निमूटपणे तो विचार सोडून दिला. ‘जास्त चाललात तर चांगलंच, पण सोमवारी पाटी कोरी,’ असं डॉक्टर म्हणाले होते.

असे दोन-तीन महिने गेले. दिवाळीच्या आठवड्यात मात्र पाहुणे आले, कारखान्यात माणसं कमी पडली आणि रविवार उजाडला तेव्हा एक चिंचोका कट्ट्यावरच होता. हे डबल ड्यूटीवरून आले ते जेवून आडवे झाले. मी दुपारभर त्या चिंचोक्याकडे बघत होते. चार वाजता उठले आणि तो डब्यात टाकून दिला.

हे उठले, चहा घेतला आणि ह्यांची नजर कट्ट्यावर गेली.

"चिंचोका कुठे गेला वं?"

"मला काय ठाऊक? तुम्हीच टाकला असेल."

ह्यांनी डबा उघडला, एक चिंचोका काढला आणि परत कट्ट्यावर ठेवला. "दोनच झाले. मले लबाड करती का तू?"

"बघत होते, गप्प बसता की काय," मी म्हटलं. तोंडाने हे म्हटलं खरं, पण तेवढंच नव्हतं. हरलेला आठवडा ह्यांनी बघितला तर पुन्हा नेम मोडल्यासारखं होईल आणि मग पुढच्या चांगल्या दिवसापर्यंत हे हलणार नाहीत, याची मला धडकी भरली होती. ह्यांना पकडायचं की वाचवायचं, हे त्या दुपारी माझं मलाच कळत नव्हतं.

रात्री तो चिंचोका कट्ट्यावरच राहिला, आठवडा हरला. सोमवारी तिन्ही चिंचोके कट्ट्यावर आले. हे गेले नाहीत. सकाळची पहिली पाळी होती, संध्याकाळ मोकळी होती, तरी रेडिओ लावून बसले. मंगळवारीही तेच. मी मनात म्हटलं, संपलं. ही वाट माझ्या ओळखीची होती. पाडवा, दसरा, संक्रांत, सगळे असेच विझले होते. मी भाकरी थापत ह्यांच्या पावलांकडे बघत राहिले.

बुधवारी हे कामावरून आले, चहा प्यायले आणि बूट चढवायला लागले. माझी जीभ कसली राहते!

"रविवार धरून तीन दिवस बुडाले तुमचे. डॉक्टर दोनच म्हणाले होते."

"बुडाले कशाले? रविवार लांब आहे अजून," हे म्हणाले आणि नाडी बांधून निघाले.

मी दारात उभी राहून बघत होते. हे वळणावरून दिसेनासे झाले तशी मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू कोसळलं. शेजारची गुजराती बेन दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला बाहेर आली होती, ती घाबरून धावत आली. "काय झालं? भाऊ कुठे गेले?"

"चालायला."

"मग रडता कशाला?"

"काल-परवा गेले नव्हते."

"पण आज गेले ना?"

"हो," मी म्हटलं, "म्हणूनच."