एनिडने विमान बोलावलं

एनिडच्या घराण्यात हात जायचा. असं ते घरातल्या घरात म्हणायचे. आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचायचा, मग बोटांच्या टोकांना मुंग्या, त्या हळूहळू कोपरापर्यंत चढायच्या, गाल बधिर व्हायचा, जीभ जड व्हायची आणि एका बाजूचा हात लाकडासारखा लोंबायचा. मग डोकं असं ठणकायचं की माणूस पडदे ओढून, बादली उशाशी घेऊन पडून राहायचा. एक-दोन दिवसांत सगळं जागच्या जागी. त्यांच्या बाबांना व्हायचं, एनिडला बाराव्या वर्षी झालं, धाकट्या भावाला, पार्किनलाही चुकलं नाही.

बाहेर मात्र कुणी अवाक्षर काढायचं नाही. नॉरफोक बेटाला बंदर नाही. जहाज लांब उभं राहतं आणि पीठ, औषधं, फ्रीज, मोटारीसुद्धा लाकडी होड्यांतून धक्क्याला आणाव्या लागतात. लाट होडीला धक्क्यावर आपटू बघते, तेव्हा मागे उभा राहून लांब वल्ह्याने तिला आवरणारा माणूस म्हणजे बेटावरचा खरा मानकरी. बाबा ते वल्हं धरायचे, त्यांच्यानंतर पार्किन धरायचा. ज्याचा हात जातो त्याच्या हाती वल्हं कोण देईल?

पार्किनने त्यावर तोड काढली होती. उजेड दिसला की तो पोटावर हात दाबायचा, "मेलं पोट बिघडलं," म्हणायचा आणि वल्हं दुसऱ्याकडे द्यायचा. मुंग्या कोपरापर्यंत पोचेतो तो घरी असायचा. सगळ्यांना वाटायचं, याचं आतडं नाजूक आहे. त्यावरून गडी त्याला यथेच्छ छळायचे आणि तोही हसून घ्यायचा. पोटावरून हसं झालेलं त्याला चालत होतं.

बाबांचं शेवटचं दुखणं मात्र एनिडच्या छातीवर बसलेलं होतं. एका सकाळी त्यांचा हात गेला, आईने नेहमीप्रमाणे पडदे ओढले, एनिडने ओला फडका कपाळावर ठेवला आणि सगळे वाट बघत बसले. या वेळी हात आला नाही. दोन दिवसांनी बाबाच गेले. ते घरचंच होतं की दुसरं काही, हे कुणाला कळलं नाही आणि आता कळणारही नाही.

त्या दिवशी पार्किन तिच्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होता. एनिड कच्ची केळी किसत होती. पुढच्या आठवड्यात जहाज येणार, तेव्हा लाट कशी असेल, यावर त्याचं चाललं होतं. मध्येच त्याच्या हातून कप सुटला. पाठोपाठ उजवा हात मांडीवर पडला. त्याने बोलायला तोंड उघडलं ते वाकडंच.

"उजेड दिसला का रे?" एनिडने विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. मग चूक लक्षात आल्यासारखी जोरजोरात होकारार्थी हलवली.

"मुंग्या कुठून चढल्या?"

"घ... घरचंच," तो कसाबसा म्हणाला. "पडदा ओढ."

एनिड उठली ती पडद्याकडे न जाता फोनकडे गेली. पार्किनने डाव्या हाताने तिचा झगा धरला. चाळिशी उलटलेला, खांद्याने मोटार उचलेल असा माणूस, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. फोन केला की काय जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली. ते करताना तिला रडू आवरलं नाही.

डॉक्टर टीझडेल मुख्य भूमीवरून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी पार्किनला हसायला लावलं, डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला सांगितलं, रक्तदाब बघितला, बोटातून थेंब काढून साखर तपासली. पहिला प्रश्न त्यांनी हाच केला की हे हळूहळू चढलं की एकदम झालं.

"एकदम," एनिड म्हणाली. मग इतकी वर्षं घरात दडवलेलं सगळं तिने सांगून टाकलं. पार्किनने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"लुळं पाडणारी अर्धशिशी असते, घराण्यातून येते. तुमचं तेच असेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण ज्यांना ती आहे त्यांना पक्षाघात होत नाही असं नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, बाई. बाकी सगळं नाही हे दिसलं की मगच आम्ही तिचं नाव घेतो. आणि आजचं नेहमीसारखं नाही. मेंदूचा स्कॅन हवा आणि ते यंत्र इथे नाही."

"म्हणजे विमान."

"म्हणजे विमान. आणि आता लगेच सांगितलं तरी ते यायला वेळ लागणार, म्हणून गप्पा नकोत."

स्ट्रेचर विमानतळावर नेईपर्यंत अर्ध्या बेटाला बातमी लागली होती. कुणी फुलं आणली, कुणी डबा. एवढ्या माणसांत पार्किनने बहिणीकडे बघितलं नाही.

मुख्य भूमीवर ब्रिस्बेनला त्याच्या मेंदूचे, मानेतल्या रक्तवाहिन्यांचे, हृदयाचे, सगळे फोटो निघाले. गाठ नाही, रक्तस्राव नाही, अडथळा नाही. तिथे पोचल्यावर डोकं भयंकर दुखलं, दोन दिवसांनी बोटं हलली, मग हातही आला. घराण्याचा इतिहास ऐकून डॉक्टरांनी नाव दिलं ते अर्धशिशीचंच. रोज घ्यायची गोळी दिली, डोकेदुखीच्या कुठल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत ते बजावलं. मुलांना निम्मी शक्यता असते, हेही सांगितलं. पार्किनला एकच मुलगी.

तो परत आल्यावर गड्यांचा मुकादम गिल्बर्ट त्याच्या घरी गेला. एनिड तिथेच होती.

"पोट कसं आहे?" गिल्बर्टने विचारलं आणि स्वतःच ओशाळला. "पार्किन, उजेड दिसत होता तोवर ठीक होतं रे. पण या खेपेला तो दिसलाच नाही म्हणतात. होडीत माझी पोरं असतात. भरल्या लाटेत तुझा हात गेला तर?"

"वर्षातून एखाद्या वेळी जातो, गिल."

"ती वेळ कुठली, सांगशील?"

गिल्बर्टने त्याला धक्क्यावर माल मोजायचं काम देऊ केलं. पार्किनने बघू म्हटलं आणि गेला नाही.

गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी एनिडचंच नाव. एवढा धडधाकट माणूस विमानात घातला आणि निघालं काय, तर डोकेदुखी! तोंडावर कुणी बोललं नाही, पण ती दुकानात शिरली की बोलणं थांबायचं.

त्यानंतरचं जहाज आलं तेव्हा एनिड धक्क्यावर गेली. पार्किन दूर वरच्या गवतावर बसला होता. खाली वल्ह्याला गिल्बर्टचा मोठा मुलगा होता, लाट त्याला नीट जमत नव्हती. प्रत्येक वेळी होडी चुकीची वळली की पार्किनचा उजवा खांदा आपोआप आवळायचा. एनिड त्याच्याशेजारी जाऊन बसली. महिनाभरात तो तिच्याशी बोलला नव्हता.

"फोन केल्याचा पस्तावा मला होत नाही," ती म्हणाली. "पण तुझं वल्हं गेलं याचं दुःख मला रोज होतं. तू शिव्या दे हवं तर."

"शिव्या कसल्या देऊ?" तो म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तर मीही फोन केला असता. म्हणून तर राग जात नाही, एनिड. चुकली असतीस तर केव्हाच माफ केलं असतं."