कापायच्या रेषेवरची मुलगी

मी पत्रकं करत वाढले. विद्यार्थी संघटनेत पोस्टर रंगवणारे वेगळे, भाषण ठोकणारे वेगळे, माझ्याकडे पत्रक. एक रंग, दोन्ही बाजूंनी मजकूर, चारी कडांना पांढरा समास. कागद एवढातेवढा सरकला तरी पत्रकाचं काही बिघडत नाही. म्हणून आईनं मेसचं व्हिजिटिंग कार्ड करायला सांगितलं तेव्हा मला ते तासाभराचं काम वाटलं, आणि रागही आला. कारण कार्डाच्या मागच्या बाजूला तिला एका कोचिंग क्लासची जाहिरात हवी होती, आणि त्याच क्लासच्या फी परत न करण्यावर मी गेल्याच महिन्यात पत्रक काढलं होतं.

आईचं म्हणणं सरळ होतं. भूकंपात गाव गेलं, त्यानंतर ती लातूरला आली आणि पोळ्या लाटू लागली. क्लासेसची भरभराट झाली तशी तिची मेस वाढली. त्या वर्षी मात्र समोरच्याच इमारतीत एसी हॉलवाली मेस उघडली. जूनमध्ये मुखेड-अहमदपूरहून एसटीनं उतरलेले पालक आधी क्लासच्या काउंटरवर जातात, तिथल्या ट्रेमध्ये जी कार्डं असतील त्याच मेस बघतात. ट्रेमध्ये जागा हवी तर कार्डाची मागची बाजू क्लासची, हा तिथला रिवाज. नाही तर जून कोरडा. जून कोरडा गेला की वर्ष गेलं.

"तुझं भांडण तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली. "मला पोरी पाहिजेत जेवायला."

मी कामाला बसले. गोलाईजवळच्या एका चाचांच्या डीटीपी दुकानात मी संघटनेची कामं करायची, तिथलाच कॉम्प्युटर. छपाई नांदेडला व्हायची. तिथं वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची कार्डं एकाच मोठ्या शीटवर लावतात आणि छापून झाल्यावर गठ्ठ्यानं कापतात. पातं केसभर इकडेतिकडे जातंच. म्हणून तयार कार्ड नव्वद बाय पंचावन्न मिलिमीटरचं असलं तरी फाइल शहाण्णव बाय एकसष्टची द्यायची: चारी बाजूंना तीन-तीन मिलिमीटर जास्तीचा रंग. तो ब्लीड, कापून फेकायचाच. आणि नाव, नंबर, चेहरे, जे जे राहायला हवं ते कापायच्या रेषेपासून चार मिलिमीटर आत. तो सेफ एरिया. एकाच पीडीएफमध्ये दोन पानं, पहिलं पुढचं, दुसरं मागचं, दोन्ही एकाच मापाची आणि आडवीच. मराठी अक्षरं कर्व्हजमध्ये, म्हणजे चित्राच्या रेषांमध्ये बदललेली, नाहीतर नांदेडच्या मशीनवर जोडाक्षरं फुटतात.

पुढची बाजू लगेच झाली. पिवळी जमीन ब्लीडपर्यंत ताणली, मेसचं नाव आणि आईचा नंबर आत घेतला.

मागची बाजू क्लासच्या मॅनेजरनं व्हॉट्सॲपवर पाठवली होती. चित्र बरोबर नव्वद बाय पंचावन्नचं, ब्लीड नाही. लाल जमिनीवर पाच गुणवंतांचे फोटो, पहिला डाव्या कडेला टेकलेला, पाचवा उजव्या. पाचवी आमची होती. म्हणजे आईची. दोन वर्षं आमच्याकडे जेवलेली मुखेडकडची मुलगी, आता मेडिकलला. आईनं स्क्रीनवर बोट ठेवून चाचांना दाखवलं. "ही माझी पोरगी. हिला ताक नसलं की भात जायचा न्हाई."

तेच चित्र ताणून ब्लीड भरला असता तर कडेचं सगळं पात्याखाली गेलं असतं, त्या मुलीचा कानही. मी मॅनेजरला फोन करून म्हटलं, लाल जमीन बाहेर ताणते आणि पाचही फोटो आत घेते, पण मला ते सुटे, मोठे हवेत. चार लगेच आले. पाचवा त्याच्याकडे नव्हता, पेपरमधून काढलेला होता. "तुमच्याच मेसची आहे ना ती, मॅडम? मागून घ्या तिच्याकडून," तो म्हणाला.

आपल्या गुणवंताचा फोटो क्लासकडे नसावा, याचं मला तेव्हाच नवल वाटलं. आईला नाही वाटलं. तिनं लगेच फोन लावला, स्पीकरवर टाकला. ख्यालीखुशाली झाली, मेडिकलच्या मेसमधल्या आमटीची टिंगल झाली. मग आईनं फोटोचं सांगितलं, कुठल्या क्लासच्या कार्डावर तेही सांगितलं.

तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काकू, मी तिथं शिकले नाही. फक्त टेस्ट दिल्या शेवटच्या महिन्यात. अभ्यास मी लायब्ररीत बसून केला, तुम्हाला तर माहिताय, डबा तिथंच पाठवायच्या तुम्ही."

आईनं स्क्रीनवरच्या फोटोकडे पाहिलं.

"माझा फोटो टाकून त्यांचं होर्डिंग लागलंय म्हणून गावातली तीन पोरं तिथं गेली, काकू. त्यांच्या घरचे मला विचारून राहिलेत, कसा आहे क्लास. तुमच्या कार्डावर तरी नका टाकू मला."

मी आतून पेटले होते. पत्रकाचा मथळासुद्धा डोक्यात तयार झाला. पण समोर आईचा चेहरा होता, आणि तिथं मथळ्याचं काही काम नव्हतं.

फोन ठेवून ती खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आली. "तू म्हणालीस ना, बाहेरचं तीन मिलिमीटर कापून जातंय? मग तिला त्यात सरकव. फाइल बघितली तर क्लासवाल्याला ती दिसंल. कार्डावर येणार न्हाई."

चाचा हसले, "वा, वहिनी."

मला हसू आलं नाही. मी करून दाखवलं. फोटो उजवीकडे सरकवत नेला. फोटो बारा मिलिमीटरचा, बाहेर जागा तीन. तिची एक वेणी आणि कान तेवढा बाहेर गेला. चेहरा कापायच्या रेषेच्या आतच, आईकडे बघत.

"अजून सरकव."

"अजून सरकवलं तर फाइलमध्येही नाही दिसणार ती. तीनच मिलिमीटर असतात, आई. तेवढ्यात माणूस मावत नाही."

ती बराच वेळ त्या कानाकडे बघत होती. मग तिनं स्वतः मॅनेजरला फोन लावला. मी बोलते म्हटलं तर तिनं हातानंच गप्प केलं. पोरीला नकोय, चौघांचेच फोटो टाकते, एवढंच ती म्हणाली. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तिनं हाव, हाव म्हणत ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"पाचही पाहिजेत म्हणं. नसता कार्ड काउंटरवर ठेवू नका म्हणं."

"मग?"

"मग काय. काढ ते लाल."

मी दुसरं पान पुसलं. पुढची पिवळी जमीनच मागे घेतली, ब्लीडपर्यंत. आत जेवणाच्या वेळा, लायब्ररीत डबा पोचवतो ही ओळ, आणि स्टँडवरून यायचा रस्ता. आईनं "घरचं जेवण" काढायला लावलं. सगळेच लिहितात, म्हणाली. तिच्या फोटोच्या प्रकरणावर मी पत्रक काढू का, हेही मी त्या मुलीला फोन करून विचारलं. तिच्या वडिलांनी नको म्हटलं. मी काढलं नाही, आणि तो राग अजून माझ्यापाशी आहे.

कार्डं नांदेडहून आली, चारी कडा स्वच्छ. आई दुपारचं आवरून ती घेऊन स्टँडवर उभी राहू लागली. मी एकदा सोबत गेले. मुखेडच्या गाडीतून एक बाप आणि त्याची लेक उतरली, पत्र्याची पेटी घेऊन. बापानं कार्ड घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"क्लासचं नाव न्हाई का हो यावर?"

"न्हाई," आई म्हणाली. "जेवणाचं हाय."

त्यानं मान हलवली, कार्ड खिशात घातलं आणि क्लास कुठं आहे ते विचारलं. आईनं रस्ता नीट सांगितला, वळणासकट. त्या जूनमध्ये आमच्याकडे नेहमीच्या निम्म्याच पोरी आल्या. त्यात ती पत्र्याच्या पेटीवाली मुलगी नव्हती.