दोन रेघांचा ठिपका

सुनीती मॅडम मला कधीच आवडल्या नाहीत, आणि हे मी आजही लपवत नाही. वारज्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सगळ्यांत जुन्या त्याच. आम्ही औषधांच्या दुकानांसाठी बिलांचं सॉफ्टवेअर करतो. प्रत्येकाने आपापल्या ब्रँचवर, म्हणजे मूळ कोडमधून फुटलेल्या वेगळ्या वाटेवर, काम करायचं. आणि ते मूळ वाटेला जोडायचं, म्हणजे मर्ज करायचं, ते फक्त मॅडमनी. माझं काम जोडताना एखादं कुजकं वाक्य ठरलेलं. "हे चालतंय कसं, निकिता? नवस बोलली होतीस का?" असं त्यांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं. घरी येऊन मी रडले होते.

तर तीन महिन्यांपूर्वी घोळ झाला. मुदत संपलेलं औषध विकताना जी लाल सूचना यायची, ती नव्या आवृत्तीत गायबच झाली. दुकानदार खवळले. माझं प्रोबेशन त्याच आठवड्यात संपत होतं. आमच्या धायरीच्या घरातून आयटीत गेलेली मी पहिलीच, आणि मला घरी पाठवायला मॅनेजर गंधार सरांना निमित्तच हवं होतं.

मीटिंगमध्ये त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीवर एक स्क्रीनशॉट लावला. कोडच्या इतिहासाचा आलेख होता तो. त्यात प्रत्येक कमिट, म्हणजे नोंदवून ठेवलेला प्रत्येक बदल, एक ठिपका. शेजारी करणाऱ्याचं नाव. जुने ठिपके खाली, नवे वर. सरांनी खालून वर बोट नेलं. हा आयुषचा ठिपका, इथे सूचना आली. त्याच्यावर हे तीन ठिपके निकिताचे. त्याच्यावर नवी आवृत्ती, आणि सूचना गेली. मग मधे कोण आलं, ते तुम्हीच सांगा, म्हणाले. मी तोंड उघडलं, तर "एक्स्क्यूज नकोत" म्हणून गप्प केलं. ती सूचना लिहिणारा आमच्यातला आयुष मेला मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

मग सरांनी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी फक्त मान हलवायची होती. मला वाटलं, झालं, आता ही बाई शेवटचा खिळा ठोकणार.

मॅडम उठल्या. चष्मा पुसला आणि टीव्हीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"गंधार, ही शिडी नाही. ठिपका वर आहे म्हणजे नंतरचा आहे, एवढंच. कशावर बसलाय ते रेघ सांगते."

त्यांनी माझ्या तिसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि रेघ धरून खाली आल्या. दुसरा, पहिला, आणि मग रेघ मूळ वाटेला मिळाली ती आयुषच्या ठिपक्याच्याही खाली. निकिताची ब्रँच सूचना यायच्या आधीच फुटली होती, त्या म्हणाल्या. तिच्याकडे सूचना कधी आलीच नव्हती. जे हातात नव्हतं ते ती पुसणार कशी?

सर चिडले. मग गेली कुठे, हवेत?

मॅडमचं बोट सगळ्यांत वरच्या ठिपक्यावर गेलं. त्यात दोन रेघा शिरत होत्या, एक मूळ वाटेची, एक माझी. हा मर्ज, त्या म्हणाल्या. एरवी दोन्हीकडचे बदल टिकतात. पण आयुषने आणि निकिताने एकाच फाइलच्या त्याच ओळी बदलल्या असणार. तिथे यंत्र अडतं आणि जोडणाऱ्याला विचारतं, कुठलं ठेवू? जोडणाऱ्याने निकिताची फाइल अख्खी ठेवली, आयुषची टाकून दिली.

"आणि त्या ठिपक्यावर नाव कोणाचं आहे?" सरांनी विचारलं.

"माझं. वाचता येतं मला."

सर म्हणाले, तुम्ही गप्प बसला असता तर हे इथेच मिटलं असतं. मॅडम म्हणाल्या, हो ना, हिला घालवून मिटलं असतं, आणि जाऊन जागेवर बसल्या.

माझी नोकरी पक्की झाली. मर्जचं काम मॅडमकडून काढून घेतलं आणि महिन्याभरात त्यांना राजीनामा द्यायला लावला. निरोपाला केकसुद्धा आणला नाही कोणी. त्या खण आवरत होत्या तेव्हा मी आभार मानायला गेले.

"तुझ्यासाठी नाही बोलले," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुझं काम मला अजूनही आवडत नाही. पण तू न केलेलं तुझ्या नावावर का टाकायचं?"

मला इतका राग आला त्यांचा! बाई, एकदा तरी गोड बोलायचं होतंत. पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावून मी तशीच बसले आणि हमसून हमसून रडले. मर्जचं काम आता माझ्याकडे आलंय. यंत्र अडलं की मी आधी आयुषला बोलावते, दोन्ही फाइली ओळीओळीने वाचायला लावते, आणि तो कुरकुरतो.