पतिताचा घडा

आमच्या पिंपरीच्या कॉलनीत गणपतीत नाटक व्हायचं आणि कारखान्यातल्याच लोकांनी तोंडं रंगवायची, अशी रीत पडली होती. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षी कुणीतरी जुनंपानं पौराणिक नाटक उकरून काढलं. पानापानावर शिव्या. कुलांगारा, चांडाळा, पतिता! तालमी ऐकून पोरं नळावर एकमेकांना "कुलांगारा, बादली काढ" म्हणायला लागली. कुळाला जाळणारा निखारा, असा त्याचा अर्थ. पण कॉलनीत कुणाचं कुळ कुणाला ठाऊक होतं?

स्टेजवर यायला बाकीच्या बायका तयार होईनात, आणि माझे यजमान कारखान्यात, म्हणून दासीचं काम माझ्या गळ्यात पडलं. तोंडी एक वाक्य नाही. राजा मुलाला म्हणणार, "पतिता, आजपासून तू आम्हाला मेलास," आणि मी भरलेला घडा पायाने लवंडायचा. दर तालमीला घडा गडगडत जायचा, राजाचे पाय भिजायचे आणि सगळे खोखो हसायचे. मीसुद्धा हसायची.

घरी जेवताना मी हे सांगत होते. माझे सासरे, मामंजी, सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे राहायला आले होते. अबोल माणूस. तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि सकाळी तुळशीला घालायचे. जुन्या माणसांची काहीतरी सवय, म्हणून मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी घास खाली ठेवला.

म्हणाले, ती नुसती शिवी नव्हे. पतित ठरवलेल्या माणसाचे नातलग गावाबाहेर जमायचे, अशुभ दिवशी, सांजवेळी. तो जिवंत असायचा, आणि हे त्याच्या नावाने मेलेल्याला देतात तसं पाणी द्यायचे. मग दासी दक्षिणेकडे तोंड करून डाव्या पायाने घडा लवंडायची. घटस्फोट म्हणत त्याला. नवराबायकोचा नंतर आला. त्या दिवसापुरतं सुतक. पुढे त्याच्याशी बोलणं नाही, पंगत नाही, वाटणी नाही, मेल्यावर पिंड नाही. "तुम्हाला हसू येतं, कारण तुमच्या दाराशी कंपनीचा नळ आहे. आता कोण कुणाचं पाणी तोडणार?"

मग त्यांनीच मला शिकवलं. लाथ मारू नकोस. घड्याकडे बघू नकोस. पाणी वाहू दे, आणि मागे वळू नकोस. शिकवताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की माझ्या अंगावर काटा आला. हे पुस्तकातलं नव्हतं. या माणसाने ते पाहिलं होतं.

नाटकाच्या दिवशी मी सांगितल्यासारखं केलं. सुरुवातीला मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. पाणी फळ्यांवरून दक्षिणेला सरकत गेलं आणि हसणं आपोआप बंद पडलं. पुढच्या रांगेतले मामंजी उठून निघून गेले.

सकाळी त्यांनी मला कुंभाराकडून नवा घडा आणायला सांगितला. तेव्हा कळलं. त्यांच्या धाकट्या भावाने विधवेशी लग्न केलं होतं. कृष्णाकाठच्या त्या गावात त्याच्या नावाने घडा लवंडला, आणि पाणी देणाऱ्यांत थोरला म्हणून मामंजी पहिले. तेव्हापासून भावाचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. परत घ्यायचीही रीत होती: सगळ्यांनी त्याच्याबरोबर पवित्र पाण्यात अंघोळ करायची आणि नवा घडा त्या पाण्यात सोडायचा. "देहूरोडला असतो म्हणे, लष्कराच्या डेपोत. त्याला पवना नदीवर आणतो," मामंजी म्हणाले. मी विचारलं, मग इतकी वर्षं का थांबलात? ते पायात वहाणा घालायला लागले. मला भयंकर राग आला होता, तरी मी बरोबर गेले.

दार त्या विधवेने, म्हणजे माझ्या धाकट्या सासूबाईंनी उघडलं. कपाळ मोकळं होतं. घड्याकडे बघून त्या सगळं समजल्या, आणि "हे दोन वर्षांपूर्वीच गेले," असं त्यांनी सांगितलं.

मामंजी ओट्यावर बसले. त्या मात्र शांतपणे सांगत राहिल्या. घडा लवंडल्याचा तो प्रसंग त्यांचे यजमान पोरांना करून दाखवायचे म्हणे, तांब्या पायाने उडवायचे, मी मेलेला माणूस म्हणून भुताचा आवाज काढायचे. घरभर हशा. पण रात्री झोपेत त्यांच्या घशाला कोरड पडायची.

"शेवटी आम्ही पाणी पाजायला गेलो तर तोंड मिटून घेतलं," त्या म्हणाल्या. "म्हणाले, दादाच्या हातचं द्या."

मामंजींनी भावाचं नाव घेतलं. मी ते पहिल्यांदाच ऐकलं. त्या आत गेल्या, तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. पाहुण्याला देतात तसाच. मामंजींना तहान लागली होती, दिसत होतं. त्यांनी हात पुढे केला नाही.

नवा घडा आमच्या स्वयंपाकघरात बरीच वर्षं पडून होता. त्यात कुणी पाणी भरलं नाही. उंबऱ्याबाहेरचा तांब्या मामंजी गेल्यावर मी ठेवायला लागले. आजही ठेवते.