सर्दीवरचे तीन डबे आणि काकांचा गुडघा

माझ्या मावशीने सव्वीस वर्षं औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काढली. तिच्या काउंटरवर नुसती चिठ्ठी टाकून गोळ्या घेऊन जाणं कुणाला जमलेलं नाही. "आणखी काय चालू आहे? काढे, चूर्ण, शेजारणीने दिलेलं काही?" ही उलटतपासणी होणारच. लोक कुरकुरतात, तरी दुकान बदलत नाहीत. हा प्रश्न तिने गावभर सगळ्यांना विचारला. विचारला नव्हता तो फक्त घरी, काकांना. सकाळचा चहा एकत्र घेणाऱ्या माणसाची कोण चौकशी करतं?

काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं आणि दोन्ही वेळा कारण एकच, सर्दी. भूल द्यायच्या आधी डॉक्टरांनी छाती तपासायची, घरघर ऐकायची आणि "बरे होऊन या" म्हणायचं. काका जिना बसून उतरायला लागले होते. ही तिसरी तारीख चुकली असती तर पुढची चार महिन्यांनी मिळणार होती. आता फक्त बारा दिवस उरले होते.

अशात एका दुपारी काकांचे फिरण्याचे सोबती, निवृत्त पोस्टमास्तर, काउंटरवर टेकले.

"वहिनी, ते तीन डबे द्या. इकिनेशिया, प्रोबायोटिक आणि लसणाच्या कॅप्सूल."

"कुणी लिहून दिलं?"

"लिहून कशाला? तुमच्या यजमानांनी सांगितलं. महिनाभर घेताहेत, एकदा शिंकले नाहीत म्हणे. वर सकाळी कच्च्या लसणाच्या दोन पाकळ्याही."

मावशीचा चेहरा उतरला. तिचं नाक धुळीने बारा महिने चोंदलेलं असतं, एरवी लसणाच्या वासाने हा कारभार पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. पण गिऱ्हाइकाला वाटेला लावल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही, हा तिचा नेम.

"पोस्टमास्तर, इकिनेशिया हे शेवंतीच्या कुळातल्या एका जांभळ्या फुलाचं झाड. त्याचे प्रयोग पुष्कळ झाले, पण कुणी मूळ वापरलं, कुणी पानं, एका डब्याचा दुसऱ्याशी मेळ नाही. झालेली सर्दी त्याने लवकर जाते असं ठरलेलं नाही. टाळण्यात झाला तर थोडासा फायदा. आणि फुलांची ॲलर्जी असेल तर अंगावर पुरळ."

"आणि लसूण?"

"धड असा एकच प्रयोग. दीडशेच्या आत माणसं, तीन महिने. लसूण घेणाऱ्यांना मिळून चोवीस सर्द्या, बाकीच्यांना पासष्ट."

"मग जिंकलाच की!"

"एका सामन्यावर कप देता का? सर्दी झाली का, हे ज्याचं त्यानेच लिहायचं होतं. आणि ढेकर आला की आपण लसूण खातोय हे त्यालाच कळणार. शिवाय सर्दी झाली ती बरी व्हायला दोघांनाही जवळपास सारखेच दिवस लागले."

"आमच्या बाकावर तर त्यांच्याजवळ कुणी बसतच नाही."

"तोच गुण आला असेल. जवळ माणूस नाही तर सर्दी लागणार कुठून?"

प्रोबायोटिकबद्दल, म्हणजे पोटाला उपयोगी जंतूंच्या डब्याबद्दल, मात्र ती जरा नरम होती. "प्रयोग बरेच आहेत. सर्दी थोडी कमी वेळा होते, झाली तर एखाद-दोन दिवस कमी टिकते, असं दिसतं. पण प्रयोग कच्चे आणि प्रत्येक डब्यातले जंतू वेगळे. धडधाकट माणसाला सहसा अपाय नाही, एवढं छातीठोक सांगते."

पोस्टमास्तर एकही डबा न घेता गेले. मावशीने ॲप्रन काढला आणि तडक घर गाठलं.

"अहो, लसूण कधीपासून?"

काकांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं. "अगं, परत सर्दी झाली असती तर? तुला विचारलं असतं तर तू पुरावा मागितला असतास."

"पुरावा राहू दे. लसणाच्या कॅप्सूलने रक्त गोठायला उशीर होऊ शकतो, आणि तुम्ही गुडघा कापायला निघालात! सर्दी टाळायला जाऊन टेबलावर रक्त थांबलं नसतं म्हणजे?"

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "म्हणजे तारीख गेली?"

तिलाही ते माहीत नव्हतं. तिने डॉक्टरांना फोन लावला, तिन्ही डब्यांवरची नावं, मात्रा आणि पाकळ्यांची संख्यासुद्धा सांगितली. काका गुडघा धरून तिच्या तोंडाकडे बघत बसले. "हो... हो... बाकी एकही गोळी नाही, रक्त पातळ करणारं दुसरं काही नाही," असं ती म्हणत होती. मग बराच वेळ ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि खुर्चीत धपकन बसली.

"आजपासून सगळं बंद. बारा दिवस पुरतात म्हणाले. आधी एकदा रक्त तपासतील. तारीख तीच."

"तीच?"

"तीच. वेळेवर सांगितलंत म्हणून आभार मानलेत. तुम्ही सांगितलंत असं समजताहेत."

काका महिन्याभरात पहिल्यांदा खळखळून हसले. "आणि सर्दीचं काय करू?"

"हात धुवा. शिंकणाऱ्यांपासून लांब राहा. आणि बारा दिवस त्या बाकावर जाऊ नका."

"अगं, पण आता तर ते मला जवळ बसवतील!"

रक्ताचा अहवाल ठीक आला. ठरल्या दिवशी छाती स्वच्छ निघाली आणि काका आत गेले. ती लसणाची करामत की नशिबाची, हे एका माणसावरून ठरत नाही, असं मावशी बाहेरच्या बाकावर मला बजावत होती. बजावताना डोळे पुसत होती, आणि धुळीमुळे पाणी येतंय म्हणत होती.