उणे एकचा वर्ग

बाबांना त्या जूनमध्ये संख्याशास्त्राच्या क्लाससाठी फुकट लेक्चर ठेवावं लागलं, याचीच मला आधी लाज वाटत होती. सदाशिव पेठेत जिकडेतिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि आमच्या बाहेरच्या खोलीतले बाक रिकामे पडत चालले होते. त्या दिवशी मात्र खोली भरली. मागे पालकही होते. मी तेव्हा एम.एस्सी. करत होते. निव्वळ गर्दी दिसावी म्हणून मलाही बसवलं होतं.

बाबांनी कारखान्यातलं गणित घेतलं. एक भोक, त्यात बसायचा दांडा. दोन्हींचे व्यास नॉर्मल, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेले, आणि एकमेकांशी संबंध नसलेले. भोक सरासरीने दांड्यापेक्षा पाच एककं मोठं. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, भोकाचं चार, दांड्याचं तीन. शंभरातले किती दांडे बसणार नाहीत? दोन व्यासांमधला फरकही नॉर्मलच आणि त्याची सरासरी पाच, हे त्यांनी झोकात सांगितलं. मग व्हेरियन्स काढायला विचलनांचे वर्ग केले आणि सोळातून नऊ वजा केले. सात.

फरक घेतला तरी व्हेरियन्सची बेरीजच होते, हे त्यांनीच माझ्याकडून घोटून घेतलं होतं.

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, प्लस ना?"

"इथे वजाबाकी चाललीये. आपण आत्ताच झोपेतून उठलात का?" खोली हसली. बाबा माझ्याकडे वळले. "तू सांग यांना."

एवढ्या पालकांसमोर त्यांना तोंडघशी कसं पाडायचं? "वजाच, सर," मी म्हणाले.

मुलगी चिवट होती. "मग दांड्यातून भोक वजा करा. नऊ वजा सोळा. व्हेरियन्स उणे सात?"

व्हेरियन्स म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. ती उणे येणं शक्यच नाही. बाबांचे कान लाल झाले. त्यांनी सात पुसला.

"माझं चुकलं. वजाबाकीत गुणक उणे एक असतो, पण व्हेरियन्समध्ये त्याचा वर्ग येतो, आणि तो एकच. म्हणून सोळा अधिक नऊ, पंचवीस. विचलन पाच. फरक शून्याच्या खाली गेला की दांडा अडकतो, आणि शून्य सरासरीच्या बरोबर एक विचलन खाली आहे. शंभरातले सुमारे सोळा अडकणार. माझ्या सातावर विसंबलात तर तीनच वाटतील."

त्या संध्याकाळी बऱ्याच जणांनी नाव घातलं. सगळ्यात आधी त्या मुलीने. मला हायसं वाटलं. "झालं ना बाबा, भरला क्लास," मी म्हणाले.

ते डस्टर झटकत होते. "मी चुकलो," ते म्हणाले. "तू चुकली नाहीस. तू खोटं बोललीस."

मला मान वर करवेना. पुढेही वर्षभर मी त्या खोलीत बसत होते. अडलं की बाबा खडू खाली ठेवायचे आणि पुढच्या बाकावरच्या त्या मुलीकडे बघून म्हणायचे, "तू सांग."